चार परसांवर पाणी लागलं? एका पानाची गोष्ट

आजोबांच्या वहीतलं विहिरीच्या हिशोबाचं एक पान मी मोबाइलवर बोलून टाइप केलं आणि घरच्या ग्रुपवर टाकलं, तर अर्ध्या तासात काकांचा फोन. "अगं, चार परसांवर पाणी लागलं असं कुठं लिहिलंय? साडेपाचावर लागलं होतं. मी लहान होतो पण तेवढं आठवतंय मला, घरात सगळे टेन्शनमध्ये होते." परस म्हणजे विहिरीची खोली मोजायचं माप, साधारण एका माणसाची उंची.

मी म्हटलं, "काका, पानावर तसंच आहे, मी वाचूनच टाइप केलंय." आणि मग फोन ठेवून पान परत काढलं. नवव्या ओळीच्या शेवटी "चार परसांवर पाणी लागलें" आणि दहाव्या ओळीच्या सुरुवातीला "नाहीं. पुढें काळा खडक". तो एक "नाहीं" माझ्या टाइप केलेल्या मजकुरात नव्हताच.

ही चूक कशी झाली आणि मग ते पान मी कसं दुरुस्त केलं ते सगळं सविस्तर लिहितेय, कारण बऱ्याच जणांकडे अशा वह्या असतात आणि "बोलून टाइप करा की, सोपं आहे" असा सल्ला सगळेच देतात.

आधी पान काय आहे ते सांगते. खटाव तालुक्यातलं आमचं गाव, तिथं आजोबांनी विहीर खणली त्याचा हिशोब. शाईच्या पेनानं लिहिलेलं, बाळबोधच आहे, मोडी नाही, एकूण २३ ओळी. वर "॥ श्री ॥" आणि खाली "शके १८७७ वै॥ शु॥ ३ रोजीं विहिरीचें काम सुरू केलें." म्हणजे १९५५ सालची अक्षय तृतीया. पुढं किती खोलीवर काय लागलं, माणसं किती, मजुरी किती, मोटेचं सामान काय काय करून घेतलं असं सगळं. आजकाल बोअर फुटात मोजतात त्यामुळे परस हा शब्द आमच्या पिढीच्या कानावरच नाही, आणि मशीनच्या तर नाहीच नाही.

पहिल्यांदा मी काय केलं होतं, तर पान टेबलावर ठेवलं, मोबाइलवर मराठी कीबोर्डचा माइक दाबला आणि वाचत सुटले. अक्षर लागेना की थांबायचं, थांबलं की माइक बंद व्हायचा, मग परत दाबायचा आणि घाईघाईत दाबतानाच पुढचा शब्द बोलायला लागायचं. इथंच गोची. माइक दाबल्यापासून तो खरंच ऐकायला लागेपर्यंत क्षणभर जातो, तेवढ्यात बोललेला पहिला शब्द गेला की गेला, आणि तो गेला हे स्क्रीनवर कुठंच कळत नाही कारण पुढचं सगळं नीट उमटतं. नवव्या ओळीशी मी श्वास घ्यायला थांबले, माइक बंद झाला, परत दाबून "नाहीं पुढें काळा खडक" वाचलं, उमटलं "पुढे काळा खडक". आणि मराठीत नकार बहुतेक वेळा वाक्याच्या शेवटी येतो, म्हणजे तो शब्द गेला तरी उरलेलं वाक्य अगदी धडधाकट दिसतं. "पाणी लागलं" हे वाचून कोणाला शंका येणार?

माझ्या मते या कामातली खरी अडचण हीच आहे. मशीननं काहीतरी वेडंवाकडं टाइप केलं तर ते डोळ्यात खुपतं आणि आपण दुरुस्त करतो. मशीननं चांगलं, शुद्ध, अर्थ लागणारं पण पानावर नसलेलं टाइप केलं की आपण तसंच पुढं जातो.

काकांच्या फोननंतर मी ते सगळं डिलीट करून पहिल्यापासून सुरुवात केली, या वेळी आत्याला बोलावून. आत्यानं आजोबांची पत्रं वाचलेली आहेत, तिला त्यांच्या अक्षराची सवय आहे. आणि काम लॅपटॉपवर घेतलं. गूगल डॉक्स क्रोममध्ये उघडायचं, `Tools` मध्ये `Voice typing`, किंवा `Ctrl+Shift+S`, भाषा मराठी निवडायची, माइकवर क्लिक. दुसऱ्या टॅबवर गेलं की ऐकणं थांबतं, त्यामुळे मध्येच व्हॉट्सॲप बघायचं नाही.

पण त्याच्याही आधी एक काम केलं जे पहिल्या वेळी केलं नव्हतं. पानाचा फोटो काढून मोठ्या साइजमध्ये प्रिंट घेतली आणि त्या प्रिंटवर (मूळ पानावर नाही!) पेन्सिलनं ओळींना नंबर दिले, आणि आत्या आणि मी मिळून ते पान एकदा माइक न लावता नुसतं वाचलं. जिथं अडलो तिथं खूण केली. कारण मशीनला पान दिसत नाही, त्याला फक्त माझा आवाज ऐकू येतो. मी चुकीचं वाचलं तर ते चुकीचंच इमानदारीत टाइप करणार. आणि मी चुकीचं वाचत होतेच. आजोबांचा ध आणि घ जवळपास सारखा, फक्त ध ची वरची गाठ थोडी मोकळी. मी "घाव बांधून घेतली" असं वाचलं होतं, आणि पहिल्या वेळी ते तसंच उमटलंही होतं. आत्या हसायला लागली, "घाव नाही गं, धाव. बैल मोट ओढत उतारावरनं जातात ना, ती धाव." म्हणजे ही चूक मशीनची नव्हतीच, पण मी सगळं खापर मशीनवर फोडून बसले होते.

मग डिक्टेशन. एकदा एक ओळ वाचायची, थांबायचं, शब्द उमटून स्थिर होईपर्यंत हात लावायचा नाही, मग एंटर मारून पुढची ओळ. वाक्य ओळीत अर्धवट तुटलं तरी तसंच तोडायचं, पानावर जशी ओळ तशी स्क्रीनवर ओळ. दिसायला ते विचित्र दिसतं पण नंतर त्याचा जो फायदा होतो तो पुढं येईलच. स्थिर होईपर्यंत थांबायचं यासाठी की आपण बोलत असताना मशीन आधीचे शब्दही बदलत असतं, पुढचा शब्द ऐकून मागचा सुधारतं. मी बघितलं तेव्हा "पाझर" बरोबर होतं, ओळ संपली तेव्हा त्याचं "बाजार" झालं होतं. म्हणजे उमटताना बघितलं म्हणून तपासलं असं धरायचं नाही.

वाचायचं कसं यातही माझी समजूत चुकीची होती. मी आधी एकेक शब्द सुटा सुटा, शाळेतल्या श्रुतलेखनासारखा म्हणत होते, त्यानं चुका वाढल्या. मशीन आजूबाजूच्या शब्दांवरून अंदाज बांधतं, त्यामुळे नेहमीच्या वेगात तीन-चार शब्द एका दमात म्हटले की साधं वाक्य छान येतं. "त्या दिवशीं पाऊस झाल्यामुळें काम बंद ठेवलें" हे एका झटक्यात आलं, फक्त जुनं शुद्धलेखन सोडून. पण हाच अंदाज बांधण्याचा गुण अनोळखी शब्दाच्या मुळावर येतो. कारण मग मशीन आपल्याला माहीत असलेला जवळचा शब्द तिथं बसवतं. आमच्या पानावर काय काय झालं बघा.

"नाडा व सोंदूर नवीन करून घेतलें" याचं झालं "नाडा व सुंदर नवीन करून घेतले". नाडा म्हणजे मोटेचा जाड दोर आणि सोंदूर म्हणजे मोटेच्या सोंडेला बांधलेला बारीक दोर. "मोट जुनीच शिवून घेतली" याचं "मोठी जुनीच शिवून घेतली". परसाचं तर दर वेळी वेगळं, एकदा "परत", एकदा "फरशा", एकदा चक्क बरोबर. आणि गंमत म्हणजे "थारोळें" हा शब्द, जो मला वाटलं होतं की शंभर टक्के चुकणार, तो पहिल्या फटक्यात बरोबर आला. मोटेचं पाणी जिथं ओतलं जातं ते थारोळं, आज कोण म्हणतं ते? पण "रक्ताच्या थारोळ्यात" हे पेपरात रोज छापून येतं, त्यामुळे मशीनला तो शब्द माहीत असणार. म्हणजे शब्द जुना आहे की नवा यावर काही नसतं, तो आज लिहिला जातो का यावर असतं. थारोळं राहिलं, सोंदूर गेला.

असा शब्द तिसऱ्यांदा ओरडून म्हणण्यात काही अर्थ नाही हे पाचव्या ओळीपर्यंत कळलं. मग आम्ही एक युक्ती केली. पानावर कुठंच नाही आणि मशीनला हमखास कळतो असा एक शब्द ठरवला, "केळी". विहिरीच्या हिशोबात केळी कुठून येणार. जिथं अवघड शब्द आला किंवा अक्षरच लागलं नाही तिथं "केळी" म्हणायचं आणि पुढं जायचं. "नाडा व केळी नवीन करून घेतले." नंतर `Ctrl+F` मारून "केळी" शोधायचं आणि पानात बघून हातानं टाइप करायचं. एकूण चौदा केळी निघाली. आत्याला हे फार आवडलं, ती दर वेळी माझ्या आधी "केळी!" म्हणायची आणि मग कधी कधी दोन-दोन केळी उमटायची.

विरामचिन्हं. मी "पूर्णविराम" म्हटलं की माझ्याकडे टिंब येत नव्हतं, "पूर्णविराम" हा शब्दच उमटत होता. दोन-तीनदा करून बघितलं आणि सोडून दिलं. नंतर हातानं देणंच बरं, कारण आजोबांनी पूर्णविराम कमीच दिलेत आणि जिथं त्यांनी दिला नाही तिथं मला सवयीनं द्यावासा वाटतो, म्हणजे पान बघूनच द्यायला लागतो.

आता आकड्यांकडे येते. इथं सगळ्यात जास्त वेळ गेला आणि इथंच सगळ्यात मोठी चूक सापडली.

तारखेपासूनच सुरुवात. मी "शके अठराशे सत्त्याहत्तर" म्हटलं, उमटलं "शकते 1877". आता "शकते" काढून टाकलं आणि 1877 राहिलं तर वाचणाऱ्याला वाटणार की इंग्रजांच्या काळातली विहीर आहे. शकाच्या आकड्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो (जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतचे दिवस असतील तर ७९), म्हणून १९५५. आणि आकडे कधी 6 असे यायचे, कधी "सहा" असे अक्षरात, कधी देवनागरी. पानावर सगळे देवनागरी आकडेच आहेत, तेव्हा तसेच केले.

पण खरा घोळ पाव-अर्ध्याचा. जुन्या हिशोबात पाव, अर्धा, पाऊण हे आकड्यापुढं उभ्या रेघा मारून लिहायचे. १। म्हणजे सव्वा, १।। म्हणजे दीड, १।।। म्हणजे पावणेदोन. रुपयाचे सोळा आणे होते (नवे पैसे १ एप्रिल १९५७ पासून आले), त्यामुळे १। रुपया म्हणजे एक रुपया चार आणे. हे माहीत नसेल तर माणूस २।। शेर हे "दोनशे अकरा शेर" वाचतो, आणि हसू नका, मी पहिल्यांदा तेच वाचलं होतं, सुरुंगाची दारू २११ शेर! तेव्हा मशीननं काही तक्रार केली नाही, इमानदारीत 211 टाइप केलं. त्यात आणखी भर म्हणजे त्याच दोन रेघा अक्षरापुढं आल्या की वेगळ्याच, "वै॥ शु॥" मध्ये त्या अर्धा नाहीत, शब्द तोडून लिहिल्याची खूण आहे, वैशाख शुद्ध. म्हणजे वाचताना एकच चिन्ह दोन प्रकारे बोलावं लागतं, आणि बोलून झालं की चिन्ह कोणतं होतं ते मजकुरात राहतच नाही. "दीड" एवढंच उरतं. म्हणून रेघा आल्या की मी बोलणंच बंद केलं. तिथंही "केळी". नंतर रेघा हातानं टाइप केल्या.

चौदावी ओळ अशी: "माणसें ६ दिवस ९ दर १। एकूण ६७।।". मी पहिल्या वेळी दर "दीड" वाचला होता, कारण तिथं कागदाला घडी पडलीय आणि घडीची रेघ दुसऱ्या रेघेसारखी दिसते. आत्यालाही दीडच वाटला. मग आम्ही गुणाकार केला. सहा माणसं नऊ दिवस म्हणजे ५४ रोज. दीडच्या दरानं ८१ होतात. सव्वाच्या दरानं ६७ आणि वर अर्धा, म्हणजे ६७।।, आणि पानावर एकूण तेच आहे. म्हणजे दर सव्वा, दुसरी रेघ ही घडी. नुसतं पान आणि स्क्रीन शेजारी ठेवून ही चूक कधीच सापडली नसती, कारण दोन्हीकडे मी तेच बघत होते जे मला आधी दिसलं होतं. हिशोबाचं पान असेल तर बेरीज-गुणाकार करून बघा, लिहिणाऱ्यानं स्वतःच आपल्यासाठी उत्तर तिथं ठेवलेलं असतं.

मण आणि मन हाही एक किस्सा. "ज्वारी २ मण मजुरांस दिली" याचं "ज्वारी दोन मन मजुरांस दिली". यात थोडी माझी चूक, मी बोलताना ण नीट म्हणत नाही असं आत्याचं म्हणणं आहे. ते नीट म्हणून बघितलं तरी चारपैकी दोनदाच मण आलं.

आता ताडून बघणं. पहिल्या वेळी मी काय केलं होतं तर टाइप झालेलं वरून खाली वाचून काढलं होतं, वाचताना खटकलं तर पानात बघायचं. उलटं करायला हवं होतं. खटकणाऱ्या चुका थोड्या, न खटकणाऱ्या जास्त, आणि स्क्रीनवरून वाचलं की न खटकणाऱ्या तशाच राहतात. या वेळी पान आत्याच्या हातात, स्क्रीन माझ्यासमोर, आत्यानं पानावरून मोठ्यानं वाचायचं आणि मी स्क्रीनवर बोट ठेवून जायचं. पूर्वी छापखान्यात प्रूफ असंच तपासायचे, एकजण मूळ प्रत वाचणार आणि दुसरा प्रूफ बघणार. फरक एवढाच की वाचणाऱ्यानं नुसतं वाचून भागत नाही, जे ऐकू येत नाही तेही बोलावं लागतं. "विहिरींत, वि पहिली, हि पहिली, री दुसरी, रीवर अनुस्वार." कंटाळवाणं आहे पण दुसरा मार्ग मला सापडला नाही.

त्याच्या आधी मात्र एक छोटं काम, ज्यानं "नाहीं"सारख्या बहुतेक चुका एकदम धरल्या. ओळीतले शब्द मोजले. पानावर नवव्या ओळीत किती, स्क्रीनवर किती. ओळीला ओळ ठेवलेली असल्यामुळे हे दहा मिनिटांत झालं. कमी भरला तर गेलेला शब्द त्याच ओळीत शोधायचा, सगळं पान धुंडाळायला नको. दुसऱ्या वेळी असे तीन शब्द गेलेले सापडले, तिन्ही ओळीच्या सुरुवातीचे, आणि एक जास्तीचा. "थोडें थोडें" मधलं एक "थोडें" गेलेलं मात्र मोजताना निसटलं, कारण त्याच ओळीत मशीननं "करवून" चं "करू न" असं तोडून एक शब्द वाढवला होता आणि बेरीज जुळली. ते आत्याच्या वाचनात सापडलं.

शुद्धलेखनावर आमचं थोडं वाजलं. पानावर "केलें, घेतलें, नाहीं, कांहीं, तेव्हां, विहिरींत" असं आहे. हे अनुस्वार उच्चारात नाहीत, माइकला ते ऐकू येण्याचा प्रश्नच नाही. १९६२ च्या नियमांनी असे न बोलले जाणारे अनुस्वार गेले. आत्या म्हणाली काढून टाक, आजचं लिही, मुलांना वाचता आलं पाहिजे. माझं म्हणणं वेगळं होतं. "विहिरींत" घ्या. आज आपण अनुस्वार दिला तर अर्थ होतो अनेक विहिरींमध्ये, आजोबांच्या वेळी एकाच विहिरीत असलं तरी अनुस्वार होता. म्हणजे अर्धे अनुस्वार ठेवले आणि अर्धे काढले तर वाचणाऱ्याला कळणारच नाही की विहीर एक की दोन. एकतर सगळे ठेवा नाहीतर सगळे काढा. शेवटी दोन फाइली केल्या, एक पानावर जसं आहे तसं आणि दुसरी त्यावरून आजच्या पद्धतीनं. पण पानासारखी आधी, कारण तिच्यावरून दुसरी करता येते, उलट करता येत नाही.

आणि इथं मी आणखी एक घाई केली. `Ctrl+H` मारून "आत" च्या जागी "आंत" टाकलं, सगळीकडे एकदम. तर "आतापर्यंत" चं "आंतापर्यंत" झालं आणि "हातात" सुटलं कारण त्यात आ वेगळा नाही. ते सगळं परत फिरवलं. "नाही" च्या जागी "नाहीं" तरी सुरक्षित आहे असं वाटलं होतं, पण पानात बघितलं तर आजोबांनी दोन ठिकाणी "नाही" असंच लिहिलंय, अनुस्वार न देता. घाईत राहिला असेल, पण पानावर तसं आहे. मी सगळीकडे बदललं असतं तर आजोबा होते त्यापेक्षा जास्त शुद्ध लिहिणारे झाले असते. म्हणून मग एकेक शोधून, पानात बघून, हो किंवा नाही.

स्वतःच्या बोलण्याचीही एक भानगड आहे. पानावर "खोदलें" आहे आणि माझ्या तोंडात येतं "खोदलं". वाचताना मी न कळत बोलण्यासारखं वाचत होते आणि मशीनही काही ठिकाणी "खोदलं" आणि काही ठिकाणी "खोदले" असं टाकत होतं. "खोदले" उमटलं की ते मला बरोबर वाटायचं कारण दिसायला पुस्तकी दिसतं, पण "दोन खड्डे खोदले" आणि "काम खोदलें" यातला फरक त्यात मिटून जातो. क्रियापदांचे शेवट म्हणून वेगळे एकदा बघितले, फक्त तेवढेच, बाकी काही न बघता.

एक टेक्निकल गोष्ट सांगून टाकते कारण तिच्यात माझी पंधरा मिनिटं गेली. "दोऱ्या" शोधत होते, पानात तीन ठिकाणी आहे, सर्चमध्ये दोनच सापडत होत्या. तिसरी समोर दिसतेय, अगदी तशीच, पण सापडत नाही. कारण ऱ्या दोन प्रकारे टाइप होतो आणि दिसतो एकच:

```
ऱ + ् + य
र + ् + ZWJ + य
```

डिक्टेशनमधून आलेल्या पहिल्या पद्धतीच्या होत्या आणि "केळी" च्या जागी मी हातानं टाइप केलेली दुसऱ्या पद्धतीची, माझ्या कीबोर्डमुळे. ॲ चंही तसंच, एक अख्खा ॲ असतो आणि एक अ वर चंद्र देऊन केलेला. शोधताना सापडत नसेल तर जिथं दिसतोय तिथूनच कॉपी करून सर्चमध्ये टाकायचा.

वेळेचं सांगायचं तर वाचून टाइप करायला जेमतेम आठ मिनिटं लागली आणि दुरुस्तीला दीड तास, त्यातला बराचसा आकडे आणि अनुस्वारांवर. हे पान सरळ हातानं टाइप केलं असतं तर तासाभरात झालं असतं असं मला वाटतं. निम्मं पान आकडे आणि निम्मं मोटेचं सामान, अशा पानाला बोलून टाइप करण्यात फायदा नाहीच. याच वहीत पुढं आजोबांनी पंढरपूरच्या वारीचं सलग चार पानं लिहिलंय, साधं गोष्टीसारखं, तिथं मात्र बोलून टाइप करणं फार सोपं गेलं, पानाला पाच-सहाच केळी.

दुरुस्त केलेली फाइल ग्रुपवर टाकली. नववी-दहावी ओळ आता "चार परसांवर पाणी लागलें नाहीं" अशी आहे आणि बाराव्या ओळीत "५।। परसांवर पाझर लागला", म्हणजे काकांचं साडेपाच. काकांनी फक्त अंगठा पाठवला, आणि नंतर वेगळा मेसेज, "एकविसावी ओळ काय आहे?"

एकविसाव्या ओळीत एक केळी अजून तशीच आहे. शेवटचं अक्षर डागाखाली गेलंय, पहिलं "गु" किंवा "गू", पुढं "र" आहे की "ख" चा अर्धा भाग तेही कळत नाही. आत्या म्हणते कोणाचं तरी नाव असेल, काका म्हणतात गुऱ्हाळाशी काहीतरी संबंध. अंदाजानं भरलं नाही. चौकटी कंसात प्रश्नचिन्ह ठेवलंय आणि खाली त्या ओळीचा फोटो जोडलाय.